सांगण्याचे कर्तव्य

खोटे बोलू नये, हे सर्वांस मान्य आहे. परंतु खरे कोणास सांगावे, कितपत सांगावे, आणि कोणी विचारले नसता आपण होऊन सांगावे काय, या प्रश्नांवर शहाण्या माणसांचेही एकमत होत नाही. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात कपटाची व्याख्या देताना कायदेकारांनी या प्रश्नास स्पर्श केला आहे आणि त्यासाठी एका घोड्याचा दाखला घेतला आहे. एक मनुष्य आपला घोडा लिलावात विकतो. घोड्यात खोड आहे हे त्यास ठाऊक आहे, पण तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, हे कपट नव्हे. घेणाऱ्याने आपले डोळे उघडे ठेवावयास हवे होते. परंतु घेणारी व्यक्ती जर त्याची स्वतःचीच, नुकतीच वयात आलेली मुलगी असेल, तर मात्र त्या नात्यामुळेच खोड सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. घोडा तोच, खोड तीच आणि मौनही तेच. केवळ समोरचे माणूस बदलल्याने एका ठिकाणी जे मौन निर्दोष, तेच दुसऱ्या ठिकाणी अपराध होते.

विम्याच्या व्यवहारात कायद्याने विमा कंपनीस या मुलीच्या जागी बसविले आहे. वाचकांस याचे प्रथम हसू येईल. एका बाजूस कोट्यवधींचा व्यवहार करणारी, वकिलांची फौज बाळगणारी कंपनी, आणि दुसऱ्या बाजूस दहा खाटांचा दवाखाना चालविणारा एखादा डॉक्टर. या दोघांत अजाण मुलगी ती कंपनी, ही कल्पना विनोदी वाटावी अशीच आहे. तथापि सामर्थ्य निराळे आणि माहिती निराळी. त्या दवाखान्यात गेल्या सात वर्षांत काय घडले, कोण रुग्ण रागावून गेला, कोणाची जखम चिघळली, हे डॉक्टरास ठाऊक असते. कंपनीस त्यातले काहीच ठाऊक नसते. तिला जे कळते ते डॉक्टराच्याच लेखणीतून कळते, आणि त्या कळण्यावरच ती आपला दर ठरविते. म्हणून येथे विचारलेल्या प्रश्नास खरे उत्तर देणे एवढ्यावर भागत नाही. दर ठरविणाऱ्या समंजस माणसास जी गोष्ट महत्त्वाची वाटेल, ती न विचारताही सांगितली पाहिजे, असा दंडक आहे.

हा दंडक ज्या खटल्यात प्रथम स्पष्टपणे मांडला गेला, त्याची हकीकत मोठी उद्बोधक आहे. सुमात्रा बेटावर बेंकुलेन येथे ईस्ट इंडिया कंपनीचा मार्लबरो नावाचा किल्ला होता. तेथील गव्हर्नर जॉर्ज कार्टर याने, किल्ला परकीय शत्रूच्या हाती पडल्यास होणाऱ्या नुकसानीचा विमा लंडनमध्ये उतरविला. १७६० साली फ्रेंचांनी तो किल्ला खरोखरच घेतला. विमा देणारा बोहम म्हणाला, किल्ला किती दुबळा आहे आणि फ्रेंचांच्या स्वारीची भीती किती आहे, हे तुम्ही मला सांगितले नाही. सबब मी पैसे देणार नाही. १७६६ साली लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी या प्रकरणात निर्णय दिला. विमा हा अनिश्चिततेचा व्यवहार असून तिचे मोजमाप करण्याची सामग्री बहुधा एकाच पक्षाजवळ असते, म्हणून त्या पक्षाने ती दडवू नये, हे तत्त्व त्यांनी सांगितले. पण पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही ती गोष्ट ही, की हे तत्त्व सांगूनही त्या खटल्यात जिंकला तो गव्हर्नरच. कारण तो किल्ला म्हणजे मुख्यत्वे व्यापाराची वखार असून लढाईस फारसा उपयोगी नाही, हे लंडनमध्ये बसलेल्या विमेकऱ्यास जाणून घेता येण्याजोगे होते. आणि गव्हर्नरच्या मनातली भीती ही भीतीच होती, वस्तुस्थिती नव्हती. मनातले सर्व तर्क उघडे करावेत अशी अपेक्षा कायद्याने तेव्हाही केली नाही.

वस्तुस्थिती आणि भीती यांतील हा भेद आपण हाताशी ठेवू, आणि एक आजचे उदाहरण घेऊन तपासून पाहू.

समजा, महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या गावी एका शल्यचिकित्सक बाईंचा स्वतःच्या मालकीचा लहानसा दवाखाना आहे. दोन सहायक डॉक्टर, चार परिचारिका, आणि गरजेप्रमाणे बोलावले जाणारे भूलतज्ज्ञ व अस्थितज्ज्ञ असा त्यांचा संसार. वैद्यकीय सेवा ही ग्राहक कायद्याखाली येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिल्यापासून पैसे घेऊन उपचार करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरास नुकसानभरपाईच्या दाव्याची शक्यता गृहीत धरूनच चालावे लागते. आणि त्यासाठी व्यावसायिक जबाबदारीचा विमा घ्यावा लागतो. बाईंनी तो २०१६ पासून घेतलेला आहे. आता पाच आठवड्यांनी चालू पॉलिसी संपत आहे, आणि दुसऱ्या एका कंपनीकडून दर मागवावा असा त्यांचा विचार आहे. त्यासाठी त्या कंपनीस एक ई-मेल लिहावयाचा आहे. प्रश्न एवढाच, की त्यात मागील तक्रारींविषयी काय लिहावे.

त्यांना तीन तक्रारी आठवतात. २०१८ साली अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेनंतर एका रुग्णाची जखम चिघळली. त्याने राज्याच्या वैद्यक परिषदेकडे तक्रार केली आणि २०२० मध्ये परिषदेने ती फेटाळली. २०२१ साली बाहेरून येणाऱ्या अस्थितज्ज्ञांनी एका मुलाच्या हातास घातलेले प्लास्टर घट्ट झाले व त्याची बोटे आखडली; आईबापांनी जिल्हा ग्राहक आयोगात दावा लावला, आणि २०२२ मध्ये ३ लाख रुपयांवर तडजोड झाली. ती रक्कम त्या वेळच्या विमा कंपनीने दिली. तडजोडीत कोणी दोष कबूल केला नाही. २०२३ मध्ये खोलीभाड्याच्या आकारणीवरून एका कुटुंबाने लेखी तक्रार केली. ४,००० रुपये परत देऊन ती मिटली.

इतके आठवून ई-मेल लिहावयास बसता आले असते. परंतु प्रश्न दवाखान्याचा आहे, केवळ मालकिणीच्या स्मरणाचा नाही. जे मनुष्यास ठाऊकच नाही ते त्याने सांगावे, असे कोणताही कायदा म्हणत नाही. इंग्लंडातील न्यायाधीशांनी १९०८ सालीच हे स्पष्ट केले आहे. पण याच सवलतीच्या पोटात एक मोह दडलेला असतो. विचारलेच नाही, म्हणजे कळणार नाही. आणि कळले नाही, म्हणजे सांगावयास नको. डोळे मिटून मिळविलेले हे अज्ञान म्हणजे लबाडीचाच एक सोवळा प्रकार होय. बाईंनी तसे केले नाही. त्यांनी तक्रारवही काढली, केस पेपर मागणाऱ्या अर्जांची फाईल काढली, आणि दोन्ही सहायक डॉक्टर, परिचारिका व रिसेप्शनवरची मुलगी यांना एकेक करून विचारले, “गेल्या काही वर्षांत कोणी रागावून गेले होते का? कोणी कागद नेले का?”

तेव्हा चौथी गोष्ट बाहेर आली. चौदा महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी बाई परगावी असता एक प्रौढ गृहस्थ पोटाच्या वरच्या भागात दुखते म्हणून आले. सहायक डॉक्टरांनी तपासून आम्लपित्ताचे औषध दिले व घरी पाठविले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या रुग्णालयात त्यांना हृदयविकाराचा झटका आल्याचे निदान झाले. ते वाचले, पण हृदय दुबळे झाले. पोटाच्या वरच्या भागातील दुखणे हे पुष्कळदा हृदयाचे दुखणे असू शकते, आणि अशा वयाच्या रुग्णाचा ईसीजी काढणे हा त्यावरचा साधा उपाय, हे प्रत्येक डॉक्टर जाणतो. त्या संध्याकाळी ईसीजी काढला गेला नव्हता. काही दिवसांनी त्यांचा मुलगा दोनदा आला व त्याने केस पेपरची प्रत लेखी अर्ज करून मागितली. नियमाप्रमाणे ७२ तासांच्या आत ती देण्यात आली. जाताना “बघतो पुढे काय करायचे ते,” एवढेच तो म्हणाला. त्यानंतर ना नोटीस, ना पत्र.

या चौथ्या गोष्टीवर विम्याच्या एजंटांचे मत अगदी ठाम होते. “मॅडम, नोटीस आलेली नाही, मग क्लेम कुठला? चौदा महिने झाले, तो माणूस विसरलासुद्धा असेल. तुम्ही लिहिलेत तर कंपनी उगाच प्रीमियम वाढवील. पहिल्या तीन लिहा, तेवढ्या पुष्कळ झाल्या.” एजंट दुष्ट नव्हते, गिऱ्हाइकाचे चार पैसे वाचावेत आणि काम लवकर उरकावे, एवढीच त्यांची इच्छा. शिवाय फॉर्म तेच भरून देणार होते. परंतु फॉर्म कोणीही भरला तरी सही ज्याची, उत्तरदायित्व त्याचे. एजंटाने भरला, मी वाचला नाही, ही सबब सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली आयुर्विम्याच्या एका खटल्यात मान्य केली नाही.

आता एजंटांचा युक्तिवाद नीट पाहू. तो असा, की दावा झालेला नाही, आणि बाईंच्या मते त्यात दवाखान्याचा मोठासा दोषही नाही. मग सांगण्यासारखे काय आहे? येथेच या सर्व प्रश्नाचे मर्म आहे. अपराधी मनुष्य गोष्ट दडवितो तेव्हा आपण दडवीत आहोत हे त्यास कळत असते. परंतु निर्दोष मनुष्य, किंवा स्वतःस निर्दोष समजणारा मनुष्य, गोष्ट वगळतो तेव्हा ती वगळली जात आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही. कारण त्याने आपल्या मनात खटला चालवून, निकालही आपल्याच बाजूने देऊन, फाईल बंद केलेली असते. सांगण्याच्या कर्तव्याचे माप “माझी चूक होती काय?” हे नव्हे, “दर ठरविणाऱ्यास हे जाणून घ्यावेसे वाटेल काय?” हे आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली, मधुमेह व मूत्रपिंडाचा विकार न कळविता घेतलेल्या आरोग्यविम्याच्या खटल्यात, हेच माप लावले. विमा घेणाऱ्याला स्वतःला ती गोष्ट महत्त्वाची वाटत होती की नाही, यास तेथे फारशी किंमत उरत नाही. अर्थात या कर्तव्याचा आशय असा, की आपल्याच प्रकरणात न्यायाधीश होण्याचा आपला हक्क आपण सोडून द्यावा. खरे बोलणे त्या मानाने सोपे आहे. हा हक्क सोडणे कठीण जाते.

बाईंनी सोडला. अशी पत्रे आपल्याकडे बहुधा इंग्रजीत लिहिली जातात. त्यांच्या पत्राचा मराठी आशय असा होता:

“विषय: दवाखान्यासाठी व्यावसायिक जबाबदारीच्या विम्याचे दरपत्रक मिळणेबाबत.

महोदय,

आमच्या दवाखान्यासाठी एका दाव्यास २५ लाख व वर्षाकाठी एकंदर १ कोटी रुपये या मर्यादेचा विमा हवा आहे. आमचा सध्याचा विमा २०१६ पासून अखंड चालू असून तो पाच आठवड्यांनी संपतो. पूर्वलक्षी तारीख २०१६ चीच ठेवता येईल काय, ते कळवावे. मी, दोन सहायक डॉक्टर, चार परिचारिका व येथे येऊन काम करणारे तज्ज्ञ यांच्या दवाखान्यातील कामाचा यात समावेश असावा.

आमच्याविरुद्धच्या तक्रारी पुढीलप्रमाणे आहेत. वही, फाईल व सर्व सेवकवर्ग यांच्याकडे चौकशी करून ही यादी केली आहे.

पहिली, २०१८: शस्त्रक्रियेनंतर जखमेत जंतुसंसर्ग. वैद्यक परिषदेकडे तक्रार. २०२० मध्ये फेटाळली. आदेशाची प्रत सोबत आहे.

दुसरी, २०२१: प्लास्टरनंतर बोटे आखडणे. ग्राहक आयोगात दावा. २०२२ मध्ये ३ लाख रुपयांवर, दोष मान्य न करता, तडजोड. रक्कम तेव्हाच्या विमा कंपनीने दिली. तडजोडीनंतर प्लास्टर घातलेल्या प्रत्येक रुग्णास बोटांची हालचाल व सूज यांविषयी लेखी सूचना देऊन दुसऱ्या दिवशी तपासणीस बोलावण्याची पद्धत ठेवली आहे.

तिसरी, २०२३: खोलीभाड्याविषयी तक्रार. ४,००० रुपये परत दिले. उपचाराशी संबंध नाही.

चौथी, चौदा महिन्यांपूर्वी: पोटाच्या वरच्या भागात दुखते म्हणून आलेल्या रुग्णास सहायक डॉक्टरांनी तपासून औषध दिले. ईसीजी काढला नव्हता. दुसऱ्या दिवशी अन्यत्र हृदयविकाराचे निदान झाले. नातेवाइकांनी केस पेपरची प्रत मागितली व ती दिली. आजवर नोटीस किंवा दावा आलेला नाही. सध्याच्या विमा कंपनीस ही घटना आजच लेखी कळविली आहे.

रुग्णांची नावे गोपनीयतेस्तव दिलेली नाहीत. आणखी माहिती हवी असल्यास विचारावे.”

या पत्रात काय आहे याइतकेच त्यात काय नाही हेही पाहण्याजोगे आहे. “आमची चूक झाली” असे त्यात कोठेही नाही. आणि “आमची चूक नव्हती” असेही नाही. ईसीजी काढला नव्हता ही वस्तुस्थिती आहे. काढावयास हवा होता काय, हा निर्णय आहे, आणि तो देणारे दुसरे आहेत. काही भाविक मनांस वाटते की प्रामाणिकपणा म्हणजे कबुलीजबाब. पण येथे कबुलीजबाब हाही न्यायासनावर बसण्याचाच प्रकार होईल. फक्त निकाल उलट बाजूने. शिवाय विमा कंपनीच्या लेखी संमतीवाचून दोष कबूल करू नये, अशी अट अशा पॉलिसींत असते. तसेच “मुलगा नक्की दावा लावील असे मला वाटते” हेही पत्रात नाही, कारण ती कार्टरच्या मनातल्या भीतीसारखी भीती आहे. पण मुलाने कागद मागितले, ही घडलेली गोष्ट आहे; आणि रुग्णाच्या नातेवाइकाने कागद मागणे हे पुढच्या दाव्याचे पहिले पाऊल असू शकते, हे या व्यवसायातील प्रत्येक अनुभवी माणूस जाणतो. हे लिहिल्याने उद्या पत्र विरुद्ध पक्षाच्या हाती लागेल, अशी शंका येईल. पण पत्रात जेवढे आहे ते सर्व त्या मुलाने नेलेल्या कागदांत अगोदरच आहे. रुग्णाचे गुपित न फोडता आणि पुराव्यात भर न घालता ज्यास सांगावयाचे त्यास पुरते सांगितले गेले.

खरे सांगण्याचेही काही लबाड प्रकार असतात. शंभर पानांचे कागद जोडावेत आणि चौथी घटना त्र्याण्णवाव्या पानावरच्या एका ओळीत असावी. किंवा “किरकोळ गैरसमजाचे एकदोन प्रसंग” अशा शब्दांत तिला गुंडाळावे. अश्वत्थाम्याच्या मृत्यूची वार्ता सांगताना धर्मराजाने खरा शब्द उच्चारला होता, पण तो ऐकू जाणार नाही अशा आवाजात. आणि भूमीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली आला, असे आपले महाभारत सांगते. इंग्लंडने २०१५ साली विम्याचा कायदा सुधारला, तेव्हा माहिती वाजवी रीतीने स्पष्ट व हाती लागेल अशा स्वरूपात दिली पाहिजे, असे त्यात मुद्दाम घातले. व्यासांनी जे रथाच्या चाकावरून शिकविले, तेच त्या देशाने कायद्याच्या कलमातून सांगितले.

आता या पत्राचे फळ काय मिळेल? साधुत्वाचे बक्षीस मिळेल असे वाचकांनी समजू नये. नवी कंपनी बहुधा परिषदेचा आदेश व तडजोडीची प्रत मागवील, दर काहीसा वाढवील, आणि चौथी घटना आपल्या पॉलिसीतून स्पष्टपणे वगळील. म्हणजे जी गोष्ट सांगितली नेमके तिलाच संरक्षण मिळणार नाही. एजंट म्हणतील, पाहा, मी सांगितले होते. पण येथे या विम्याची एक विशेष रचना समजून घेतली पाहिजे. यात घटना केव्हा घडली यापेक्षा दावा केव्हा आला याला महत्त्व असते. घटना पूर्वलक्षी तारखेनंतरची असावी, आणि दावा पॉलिसी चालू असताना यावा, म्हणजे त्या वर्षीची पॉलिसी तो पेलते. मात्र विमा घेतेवेळीच ठाऊक असलेली घटना नवी कंपनी आपल्या डोक्यावर घेत नाही. यासाठी जुन्या पॉलिसींत बहुधा अशी सोय असते, की तिच्या मुदतीत एखादी विशिष्ट घटना लेखी कळविली व कंपनीने ती स्वीकारली, तर पुढे केव्हाही आलेला तिचा दावा त्या मुदतीतच आला असे समजले जाते. म्हणून बाईंनी त्याच दिवशी दुसरे पत्र जुन्या कंपनीस लिहिले. तेच सत्य दोन ठिकाणी सांगणे होते. नव्या कंपनीस सांगून जुनीस न सांगते, तर चौथी घटना दोन पॉलिसींच्या मधल्या फटीत पडली असती; दोघींनाही न सांगत्या, तर सर्वच गेले असते.

सर्वच कसे, तेही पाहू. ग्राहक आयोगात तक्रार करण्यास कायद्याने दोन वर्षांची मुदत आहे, आणि सबळ कारण असल्यास विलंबही माफ होतो. चौदा महिने झाले म्हणजे मुलगा विसरला, हे एजंटांचे अनुमान घड्याळाच्याही विरुद्ध होते. दहा महिने शिल्लकच होते. समजा, ती घटना दडवून बाईंनी विमा घेतला, आणि सहा महिन्यांनी मुलाची नोटीस आली. केस पेपर मागणाऱ्या अर्जावर तारीख आहे. तो अर्ज कंपनीच्या वकिलासमोर येताच बाईंस ही गोष्ट ठाऊक होती हे उघड होईल. मग कंपनी तो एक दावा नाकारून थांबेल असे नाही. महत्त्वाची गोष्ट दडवून करार करविला म्हणून सबंध करारच ती नाकारू शकेल. आयुर्विम्याची पॉलिसी तीन वर्षे झाल्यावर अशा कारणाने हलविता येत नाही. या विम्यास ती ढाल नाही. सांगितलेल्या गोष्टीमुळे एक दार बंद होते; न सांगितलेल्या गोष्टीमुळे सबंध घर जाते.

येथपर्यंतचा विचार हिशेबाचा झाला, आणि हिशेबाने सुचविलेला प्रामाणिकपणा म्हणजे नीती नव्हे, असे कोणी म्हणेल तर ते रास्तच आहे. कारण कागद सापडण्याचा संभवच नसेल तर? कंपनीस कधी कळणारच नसेल, तर सांगण्याचे कर्तव्य उरते काय? पुष्कळ सज्जन मनुष्ये येथे डळमळतात. कंपनी काही गरीब विधवा नव्हे. तिचे दोनचार लाख गेले तर कोणाचे काय बिघडले, असे त्यांना वाटते. कंपनीविषयी ममत्व वाटावे असे मीही म्हणणार नाही. पण या व्यवहारात दोनच पक्ष आहेत, ही समजूतच चुकीची आहे. ई-मेल लिहिणारी डॉक्टर एक, वाचणारी कंपनी दुसरी. आणि ज्याच्याकरिता हा सर्व खटाटोप, तो तिसरा मनुष्य त्या पत्रात बिननावाचा आहे. उद्या त्या दवाखान्यात एखाद्या रुग्णाची खरोखरच हानी झाली, आयोगाने २० लाखांची भरपाई ठरविली, आणि त्या वेळी पॉलिसीच खोटी ठरली, तर बुडतो कोण? कंपनी सुटते. डॉक्टर आपल्या शक्तीप्रमाणे देईल किंवा अपिलात वर्षे काढील. ज्याचा हात किंवा हृदय कायमचे दुबळे झाले, त्याच्या हातात मात्र आदेशाचा कागद राहतो आणि पैसे येत नाहीत. डॉक्टराचा विमा हा दिसावयास डॉक्टराच्या बचावाचा करार आहे. परंतु परिणामी तो अद्याप दाराशीही न आलेल्या रुग्णास दिलेले वचन आहे. तक्रार दडवून घेतलेली पॉलिसी म्हणजे त्या अनोळखी माणसास दिलेला न वटणारा चेक.

म्हणून घोड्याच्या दाखल्यातील मुलीच्या जागी कंपनीस बसविणे मला आता तितकेसे विनोदी वाटत नाही. कंपनी तेथे दुसऱ्याच कोणाची जागा धरून बसलेली आहे. ज्याच्याजवळ माहिती नाही, ज्यास विचारावयाचेही ठाऊक नाही, आणि जो विश्वासाने त्याच घोड्यावर बसणार आहे, असा मनुष्य म्हणजे रुग्णच होय. बाईंनी चौथी ओळ लिहिली, दर थोडा वाढला, आणि तो त्यांनी भरला. त्या ओळीतील मुलगा पुढे दावा लावील की न लावील, हे सांगता येत नाही. लावील, तर त्याच्या वडिलांच्या भरपाईचे उत्तर देण्यास एक विमा कंपनी अगोदरच बांधलेली असेल. आणि या गोष्टीचा त्याला कधी पत्ताही लागणार नाही.